तीन दरपत्रके, सर्वांत कमी दर, तरीही आक्षेप कशाला?

सरकारी खरेदीवरचा लेखापरीक्षण अहवाल प्रसिद्ध झाला की बातम्यांत काही वाक्ये हमखास वाचायला मिळतात. 'कामाचे तुकडे पाडून निविदा टाळली', 'निविदेत खरी स्पर्धा झाली नाही', 'निवडीची कारणे नस्तीत आढळली नाहीत'. दुसऱ्या दिवशी संबंधित कार्यालयाचा खुलासा येतो: प्रत्येक खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवली होती, सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम दिले, सगळी कागदपत्रे उपलब्ध आहेत. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की यातले खरे कोण बोलते आहे.

बऱ्याचदा दोघेही खरे बोलत असतात. एकेक कागद वेगळा काढून पाहिला तर तो नियमात बसलेला असतो. हेच कागद शेजारी शेजारी ठेवले की त्यांच्यातला दोष दिसतो. लेखापरीक्षक ते कसे ठेवतो आणि त्यातून त्याला काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, ते इथे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक खूण प्रत्यक्ष तपासणीत भेटणारी आहे.

ही तपासणी नेमकी कशाची?

लेखापरीक्षणाचे प्रकार अनेक आहेत. हिशेबाचे आकडे बरोबर आहेत का, हे पाहणारी तपासणी वेगळी. योजनेतून अपेक्षित फायदा झाला का, हे पाहणारी वेगळी. आपण बोलतो आहोत ती अनुपालन तपासणी, म्हणजे खर्च करताना लागू असलेले नियम पाळले का, एवढाच प्रश्न विचारणारी. देशोदेशीच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थांची 'इंटोसाय' ही जागतिक संघटना आहे आणि तिने या प्रकारासाठी स्वतंत्र मानक ठरवलेले आहे. त्याचा गाभा साधा आहे: आधी निकष सांगा, मग पुरावा दाखवा, मग दोन्हींत किती अंतर पडले ते लिहा.

निकष म्हणजे खरेदीचे नियम. देश कोणताही असो, या नियमांची रचना साधारण सारखी असते. एका रकमेपर्यंतची खरेदी दरपत्रके मागवून करता येते, त्या रकमेच्या वर गेले की खुली निविदा काढावी लागते. कोणत्या अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत मंजुरी द्यायची, याच्याही पायऱ्या ठरलेल्या असतात. मर्यादा ठेवण्याचे कारण व्यवहार्य आहे, कारण दहा खुर्च्यांसाठी जाहिरात देऊन दीड महिना थांबणे कोणालाच परवडत नाही. पण मर्यादा ठेवली की तिच्या खाली राहण्याचा मोहही तयार होतो, आणि तुकडे पाडण्याची सुरुवात तिथून होते.

उदाहरण: ४८० बाके, पाच आदेश

एका सार्वजनिक संस्थेकडे १२ शाळा आहेत असे समजा. वर्षाच्या पहिल्याच महिन्यात तिच्या वार्षिक आराखड्यात प्रत्येक शाळेला ४० याप्रमाणे ४८० बाके मंजूर झाली. चलनाच्या भानगडीत न पडता दरपत्रकांची मर्यादा १०० मानू आणि एका बाकाचा अंदाजित दर १ मानू. म्हणजे पूर्ण गरज ४८० ची होती, मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. खुली निविदा काढणे बंधनकारक होते.

प्रत्यक्षात आठव्या महिन्यात ३, ९, १७, २४ आणि ३० तारखेला असे पाच खरेदी आदेश निघाले. प्रत्येक आदेश ९६ बाकांचा. रकमा अनुक्रमे ९८, ९७, ९९, ९८ आणि ९६. बेरीज ४८८. प्रत्येक आदेशाची नस्ती वेगळी, प्रत्येक नस्तीत तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि एकाच अधिकाऱ्याची मंजुरी.

यातली एक नस्ती नमुना म्हणून उघडली तर आक्षेप घेण्यासारखे काहीच सापडणार नाही. म्हणूनच अनुभवी लेखापरीक्षक तुकडे शोधताना निविदांच्या नस्त्यांपासून सुरुवात करत नाही. जी निविदा टाळली गेली तिची नस्ती अस्तित्वातच नसते. तो सुरुवात करतो वर्षभराच्या देयकांच्या नोंदवहीपासून, आणि नमुना न घेता ती संपूर्ण घेतो. ती आधी वस्तूनुसार लावतो, मग पुरवठादारानुसार, मग मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानुसार, आणि प्रत्येक वेळी तारखांच्या क्रमाने वाचतो.

इथे एक अडचण येते. नोंदवहीत एका ठिकाणी 'बाके' लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी 'विद्यार्थी आसन', तिसऱ्या ठिकाणी 'शालेय फर्निचर', आणि खर्च तीन वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली टाकलेला असतो. नुसता शब्द शोधून चालत नाही. साठा नोंदवहीत प्रत्यक्ष काय जमा झाले ते पाहून यादी जुळवावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण बहुतेक तुकडे या टप्प्यावरच हाती लागतात.

आदेश छोटे असणे गुन्हा आहे का?

नाही. एकाच वस्तूचे अनेक आदेश निघण्यामागे रास्त कारण असू शकते. गरज खरोखर टप्प्याटप्प्याने उद्भवलेली असू शकते. म्हणून लेखापरीक्षक तीन गोष्टी तपासतो: गरज एकच होती का, ती आधीपासून माहीत होती का, आणि तुकड्यांच्या आकाराला मर्यादेखेरीज दुसरे काही कारण दिसते का.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वार्षिक आराखडा देतो. ४८० बाके पहिल्याच महिन्यात, एकाच ओळीत मंजूर झाली होती. तिसरा प्रश्न मला सर्वांत बोलका वाटतो. शाळेला ४० बाके लागतात. गरजेप्रमाणे तुकडे केले असते तर ते ४०, ८० किंवा १२० बाकांचे झाले असते. ९६ बाके म्हणजे दोन शाळांची ८० आणि वर १६, म्हणजे तिसऱ्या शाळेची अर्धीही नाही. हा आकडा शाळांकडे पाहून आलेला नाही. पाच समान भाग केले की प्रत्येक भाग १०० च्या खाली राहतो, चार केले तर राहत नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे.

एका प्रकरणावर न थांबता संपूर्ण कार्यालयाचे चित्रही पाहता येते. वर्षभरातल्या सगळ्या खरेद्या रकमेनुसार ओळीने लावायच्या आणि ९० ते १०० मध्ये किती, १०० ते ११० मध्ये किती, हे मोजायचे. मर्यादेचा प्रभाव नसेल तर रकमा वाढतील तशी संख्या हळूहळू उतरत जाते. मर्यादेच्या अगदी खाली गर्दी आणि लगेच वर रिकामी जागा दिसली तर रकमा मर्यादेकडे बघून ठरवल्या जात असण्याची शक्यता असते. चेक प्रजासत्ताकात अशा मर्यादा लागू झाल्यानंतरच्या आकडेवारीचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तेव्हा नेमकी अशी गर्दी त्यांना मर्यादेच्या खाली आढळली. मर्यादा बदलल्यावर गर्दीही नव्या मर्यादेखाली सरकली, तर योगायोगाचा युक्तिवाद फारच कमकुवत होतो.

पण गर्दी दिसली म्हणजे त्यातली अमुक खरेदी दोषी ठरली, असे होत नाही. कुठल्या नस्त्या आधी उघडायच्या, एवढे ती सांगते. आक्षेप घ्यायचा तर आराखडा, तारखा आणि तुकड्यांचा आकार यांच्याकडे परत यावेच लागते.

'लहान पुरवठादारांना संधी मिळावी म्हणून भाग केले'

हा खुलासा वारंवार येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मोठ्या कंत्राटाचे भाग करणे अनेक ठिकाणी चांगली पद्धत मानली जाते. युरोपीय संघाचा २०१४ चा सार्वजनिक खरेदीचा निर्देश तर असे भाग करायला प्रोत्साहन देतो, आणि भाग केले नाहीत तर त्याची कारणे नोंदवायला सांगतो. मात्र हाच निर्देश पुढे एक अट घालतो: कोणती खरेदीपद्धत लागू होते हे ठरवताना सगळ्या भागांची एकत्रित किंमत धरायची.

वैध विभागणी आणि तुकडे पाडणे यांतला फरक या अटीत आहे. संस्थेने एकच खुली निविदा काढून तिचे १२ शाळांप्रमाणे १२ भाग केले असते आणि प्रत्येक भागासाठी वेगळा दर भरायची मुभा दिली असती, तर लहान पुरवठादाराला एका शाळेपुरते काम घेता आले असते आणि स्पर्धाही सर्वांसाठी खुली राहिली असती. आपल्या उदाहरणात भाग झाले, पण दरवाजा तीनच पुरवठादारांसाठी उघडला. लहान पुरवठादारांसाठी भाग केले असतील, तर त्या लहान पुरवठादारांना ते कळवले कसे, एवढा एक प्रश्न विचारला की खुलाशाची पारख होते.

'काम तातडीचे होते'

तातडीसाठी नियमांत सवलत असते आणि असायलाच हवी. पूर आला तर कोणी निविदेची मुदत मोजत बसत नाही. पण तातडीची वस्तू लगेच वापरली जाते, आणि त्याचा पुरावा मागे राहतो. लेखापरीक्षक साठा नोंदवही आणि शाळांच्या पोचपावत्या काढतो. आपल्या उदाहरणात बाके नवव्या महिन्याच्या सुरुवातीला गोदामात जमा झाली आणि शाळांना बाराव्या महिन्यात वाटली गेली. आठव्या महिन्यात निविदेसाठी सहा आठवडे थांबायला वेळ नव्हता, असे म्हणणारी संस्था माल हाती आल्यावर तीन महिने थांबली. शिवाय आराखडा मंजूर झाल्यापासून पहिल्या आदेशापर्यंत सात महिने तसेच गेले होते. स्वतःच्या दिरंगाईतून उद्भवलेली घाई बहुतेक नियमावल्यांत तातडी धरली जात नाही.

तीन दरपत्रके होती, मग स्पर्धा नव्हती कशी?

आता पाचही नस्त्यांतली दरपत्रके एकत्र काढू. पुरवठादारांना क, ख आणि ग म्हणू. पाचही वेळा हेच तिघे. पहिला आदेश क ला मिळाला, दुसरा ख ला, तिसरा पुन्हा क ला, चौथा ग ला, पाचवा ख ला. म्हणजे काम फिरत राहिले आणि कोणीच रिकाम्या हाताने गेले नाही.

दर पाहू. पहिल्या आदेशात क ९८, ख १०१.९, ग १०४.९. दुसऱ्या आदेशात ख ९७, ग १००.९, क १०३.८. हरणाऱ्याचा दर जिंकणाऱ्याच्या दराने भागला तर दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकाचा दर ४ टक्के जास्त येतो आणि तिसऱ्याचा ७ टक्के. तिसऱ्या आदेशातही तेच: ९९, मग १०३, मग १०५.९. खऱ्या स्पर्धेत हे अंतर कधी अर्धा टक्का असते, कधी १५ टक्के, कारण प्रत्येकाचा लाकडाचा साठा, मजुरी, वाहतूक आणि कामाची निकड वेगळी असते. अंतर सतत तेच राहते ते एका जागी बसून एका आकड्याला १.०४ आणि १.०७ ने गुणले की.

याला आपल्याकडे बोलीत 'सपोर्टची निविदा' म्हणतात. काम ज्याला द्यायचे ठरले आहे त्याचा दर कमी दिसावा म्हणून दुसऱ्याने मुद्दाम जास्त दराने भरलेली ती निविदा असते. अशा निविदा एकमेकांच्या फार जवळ येऊन बसतात. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात १९९९ ते २००५ या काळात रस्त्याचे डांबरीकरण करणाऱ्या कंपन्यांची टोळी होती. तिच्या निविदांचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा टोळी चालू असतानाच्या काळात दरांमधला पसारा एरवीपेक्षा बराच आक्रसलेला आढळला. हा पसारा मोजण्याची रीत सोपी आहे: एका निविदेतल्या सर्व दरांचे प्रमाण विचलन काढायचे आणि त्याला सरासरी दराने भागायचे. आपल्या पहिल्या आदेशात ते जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास येते. पण तीनच दर असताना या एका आकड्यावर विसंबून राहू नये. अनेक खरेद्यांत तो सतत कमी राहतो का, हे पाहायचे.

जपानमधल्या सरकारी बांधकामांच्या निविदांतून अशीच एक खूण पुढे आली. तिथे सर्व निविदा गुप्त कमाल किमतीच्या वर गेल्या, तर त्याच बोलीदारांकडून पुन्हा दर मागवले जात. पहिल्या फेरीत पहिल्या दोघांत अगदी किरकोळ फरक असेल तर दुसऱ्या फेरीत त्यांचे क्रम अनेकदा उलटायला हवेत. संशोधकांना मात्र पहिल्या फेरीतला सर्वांत कमी दराचा बोलीदारच दुसऱ्या फेरीतही जवळजवळ प्रत्येक वेळी सर्वांत खाली राहिलेला दिसला. काम कोणाला मिळायचे हे आधी ठरले असेल, तर फेऱ्या कितीही झाल्या तरी क्रम बदलत नाही.

आकड्यांइतकेच कागदही बोलतात. शाळेत दोन मुलांची उत्तरे बरोबर असतील तर ती सारखी असणे स्वाभाविक आहे, पण दोघांची चूकही सारखीच असेल तर मास्तरांच्या लक्षात येते. आपल्या तीन पुरवठादारांच्या दरपत्रकांत 'पॉलिश' हा शब्द एकाच चुकीच्या पद्धतीने लिहिलेला होता आणि तिघांच्याही बेरजेत तिसऱ्या ओळीवरच कर धरायचा राहून गेला होता. ऑनलाइन निविदा असेल तर एकाच संगणकाच्या पत्त्यावरून दोन निविदा दाखल होणे, दोन वेगळ्या कंपन्यांच्या फाइलींवर तयार करणाऱ्याचे नाव एकच असणे, बयाणा रकमेचे धनाकर्ष एकाच बँक शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांचे निघणे, या खुणा पाहिल्या जातात. आपल्या उदाहरणात आणखी एक खूण पोचपावत्यांवर मिळाली: क, ख आणि ग या तिघांचाही माल एकाच क्रमांकाच्या गाडीतून, दोन दिवसांत आला होता.

मग संगनमत सिद्ध झाले?

झाले नाही, आणि इथे लेखापरीक्षकाने आणि वाचकानेही सावध राहायला हवे. एकाच गाडीतून माल येण्याचे निर्दोष कारण असू शकते, तिघेही एकाच कारखान्याचे विक्रेते असतील. बाजारच छोटा असेल तर तेच तिघे पुन्हा पुन्हा येणारच. ज्याच्या हातात आधीचे काम आहे तो पुढच्या वेळी खरोखरच जास्त दर भरतो, त्यामुळे कामे आळीपाळीने फिरल्यासारखी दिसू शकतात. दोन कंपन्यांचे कागद एकाच हिशेबनिसाने किंवा एकाच सेवाकेंद्राने टाइप केले असतील तर चुकाही सारख्या होतात.

म्हणून एका खुणेवर निष्कर्ष काढत नाहीत. वेगवेगळ्या उगमाच्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात का, ते पाहतात. ठरलेले ४ आणि ७ टक्के दरपत्रकांतून निघाले, गाडीचा क्रमांक पोचपावतीतून, करातली चूक बेरजेतून. या प्रत्येकाला वेगवेगळे निर्दोष कारण देता येईलही, पण सगळी कारणे एकाच वेळी, पाचही आदेशांत खरी असण्याची शक्यता कमी कमी होत जाते.

तरीही लेखापरीक्षक 'संगनमत केले' असे लिहीत नाही. पुरवठादारांचे फोन तपासण्याचा, त्यांच्या कार्यालयात झडती घेण्याचा किंवा शपथेवर जबाब घेण्याचा अधिकार त्याला सहसा नसतो. करार झाला होता हे सिद्ध करणे स्पर्धा नियामकाचे किंवा तपास यंत्रणेचे काम आहे. लेखापरीक्षकाने खुणा नोंदवायच्या, मूळ कागद आणि संगणकातल्या नोंदी जशाच्या तशा सुरक्षित करायच्या आणि प्रकरण योग्य ठिकाणी पाठवायचे. या टप्प्यावर संशयित पुरवठादारांना 'तुमचे दर असे सारखे कसे?' म्हणून पत्र पाठवणे ही मोठी चूक ठरते. उत्तर तर मिळत नाहीच, उलट पुरावा नाहीसा करायला वेळ मिळतो.

नस्तीत काय नाही, तेही वाचावे लागते

तिसरा आक्षेप, म्हणजे निवडीची कारणे नोंदलेली नसणे, बातम्यांत सर्वांत कमी जागा मिळवतो. तो नुसता कारकुनी दोष वाटतो. माझ्या मते मात्र तो तिन्हींत पहिला मानायला हवा, कारण आधीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळायची असतात.

आपल्या उदाहरणात कळीचा प्रश्न आहे: हेच तिघे का? बाजारात बाके बनवणारे इतरही असणार. या तिघांची नावे कोणी सुचवली, कोणत्या यादीतून घेतली, इतरांना का विचारले नाही, याबद्दल नस्तीत एक ओळही नाही. दरपत्रके मागवणारी पत्रे आहेत, पण जावक नोंदवहीत त्यांचा क्रमांक नाही. आलेल्या दरपत्रकांवर आवक शिक्का नाही, त्यामुळे ती कधी आली, एकत्र आली की वेगवेगळी, हे कळायला मार्ग नाही. ती कोणासमोर उघडली याची नोंद नाही. तीनही दरपत्रके एकाच व्यक्तीने एकाच दिवशी एका पाकिटातून आणून दिली असती, तरी नस्ती अशीच दिसली असती. 'कागदपत्रे पूर्ण आहेत' या दाव्यातली उणीव ही आहे. कागद आहेत, पण ते वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या वेळी आले याचा पुरावा नाही.

तारखांचा क्रम लावून पाहणे ही यातली सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी कसोटी आहे. गरज आधी, मग अंदाजपत्रक, मग मागणीपत्र, मग दरपत्रके, मग तुलना, मग मंजुरी, मग आदेश, असा क्रम असायला हवा. चौथ्या नस्तीत अंदाजपत्रकावर २३ तारीख होती आणि दरपत्रकांवर २१. म्हणजे दर कळल्यावर अंदाज लिहिला गेला, आणि त्यामुळे 'दर अंदाजाच्या आत आहे' या शेऱ्याला काही अर्थ उरला नाही. दुसऱ्या नस्तीत ९ तारखेच्या टिपणीत १२ तारखेच्या एका पत्राचा हवाला होता. टिपणी नंतर लिहून मागची तारीख टाकली असावी, असा संशय यातून येतो. संगणकीकृत नस्तीत तर प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप पडते, ती कागदावरच्या तारखेशी ताडून पाहता येते.

गुण देऊन निवड होते अशा मोठ्या कामांत हा दोष आणखी गंभीर होतो. समितीच्या तीन सदस्यांनी एकाच बोलीदाराला ७२.५ गुण दिले आहेत आणि कोणीही कारण लिहिलेले नाही, असे दिसले तर स्वतंत्र मूल्यमापन झालेच नसावे. गुणांचे निकष निविदेत एक आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात दुसरे असतील, तर पाकिटे उघडल्यावर निकष बदलले गेले का हे तपासावे लागते. हरलेल्या बोलीदाराला तो का हरला हे नस्ती पाहून सांगता येत नसेल, तर निवडीचे समर्थन जिंकलेल्याच्या बाजूनेही करता येत नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. अपुरी नोंद म्हणजे अपहार नव्हे. मनुष्यबळ कमी असलेल्या कार्यालयांत प्रामाणिक अधिकाऱ्यांच्या नस्त्याही अर्धवट राहतात. पण अशा नस्तीमुळे प्रामाणिक अधिकाऱ्यालाही स्वतःचा बचाव करता येत नाही. दोन वर्षांनी बदली झालेल्या माणसाला आठवणीतून उत्तर द्यावे लागते, आणि आठवण हा पुरावा धरला जात नाही.

'सरकारचे नुकसान कुठे झाले?'

हा शेवटचा आणि सर्वांत ठाम खुलासा असतो: दर बाजारभावाप्रमाणेच होते. यात दोन प्रश्न मिसळलेले आहेत, ते वेगळे करावे लागतात. नियम मोडला का, हा पहिला. त्याचे उत्तर नुकसानीवर अवलंबून नाही. ४८० ची गरज खुल्या निविदेशिवाय भागवली, एवढ्यावर आक्षेप उभा राहतो.

नुकसान किती झाले, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर जपून द्यावे लागते. त्याच वर्षी दुसऱ्या संस्थेने तशीच बाके खुल्या निविदेत ०.८६ दराने घेतली असतील, तर ४८० बाकांना सुमारे ४१३ लागले असते. आपल्या संस्थेने ४८८ दिले. फरक ७५ चा. हा आकडा लिहिण्याआधी दोन्हीकडच्या लाकडाचा प्रकार, मापे, हमीचा काळ, पोचवण्याचे अंतर आणि खरेदीचा महिना जुळतो का हे तपासले पाहिजे. जुळत नसेल तर आकडा न लिहिणे बरे. ओढूनताणून काढलेला तोट्याचा आकडा उत्तरात खोडला जातो आणि त्याच्यासोबत भक्कम आक्षेपही हलका होतो.

अहवालात शेवटी काय लिहिले जाते?

अंतिम आक्षेप लिहिण्यापूर्वी कार्यालयाला त्याचा मसुदा पाठवून उत्तर मागवले जाते. उत्तर पटले तर मुद्दा वगळतात, अर्धवट पटले तर बदलतात, न पटले तर उत्तर आणि ते न पटण्याचे कारण दोन्ही छापतात. म्हणून अहवाल वाचताना फक्त आक्षेप न वाचता खालचे कार्यालयाचे उत्तरही वाचावे. 'नोंद घेतली आहे' किंवा 'यापुढे काळजी घेऊ' एवढेच उत्तर असेल, तर वस्तुस्थिती नाकारलेली नाही असे समजायला हरकत नाही.

आपल्या प्रकरणातला परिच्छेद साधारण असा होईल: वार्षिक आराखड्यात एकत्र मंजूर झालेली ४८० बाकांची खरेदी २८ दिवसांत पाच आदेशांत विभागली, प्रत्येक आदेश दरपत्रक मर्यादेच्या आत राहिला, विभागणीचे कारण नोंदलेले नाही, तातडीचा खुलासा साठा नोंदवहीशी जुळत नाही, तीन पुरवठादारांच्या निवडीचा आधार नस्तीत नाही, त्यांच्या दरांत आणि कागदपत्रांत आढळलेल्या सारखेपणाची सक्षम यंत्रणेकडून चौकशी व्हावी. यात कोणाला चोर म्हटलेले नाही. प्रत्येक वाक्यामागे एक कागद आहे.

शिफारसही त्याच बेताची असते. आदेश मंजूर करणाऱ्यासमोर त्या वस्तूची त्या वर्षातली आतापर्यंतची एकूण खरेदी आणि आराखड्यातली एकूण गरज हे दोन आकडे आपोआप यायला हवेत, आणि बेरीज मर्यादेपलीकडे जात असेल तर कारण लिहिल्याशिवाय नस्ती पुढे सरकू नये. पुढच्या वर्षी लेखापरीक्षक परत येतो तेव्हा शिफारस अमलात आली का हे विचारून थांबत नाही. तो पुन्हा देयकांची नोंदवही उघडतो आणि ९० ते १०० मधल्या खरेद्या मोजतो.